समुद्राचं आम्लीकरण: खानदेशातून विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. दरवर्षी हा विषय निघाला की वर्गात, पारावर आणि कधी कधी केळीच्या बागेतही तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. सामू म्हणजे पीएच, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. माती परीक्षणाच्या कागदावर तो शब्द असतोच.

आपल्याकडे समुद्रच नाही. मग आपला याच्याशी संबंध काय?

हवेला तालुका नसतो. दीपनगरच्या चिमणीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड साधारण वर्षभरात जगभरच्या हवेत मिसळून जातो. माणसाने हवेत सोडलेल्या या वायूपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. शिवाय आपली तापी सुरतेपाशी अरबी समुद्रालाच मिळते. ती सोबत काय घेऊन जाते ते पुढे येईल.

"सर, समुद्र आंबट व्हई जाई का?"

नाही. समुद्राचं पाणी अल्कधर्मी आहे आणि या शतकात तरी तसंच राहील. पृष्ठभागाचा सामू आज साधारण ८.०५ च्या आसपास आहे, कारखानदारी सुरू होण्याआधी तो ८.२ च्या जवळ होता. 'आम्लीकरण' या शब्दाचा अर्थ इतकाच, की पाणी आम्लाच्या दिशेने सरकतं आहे. ताप १०३ वरून १०१ वर आला तर आपण 'उतरला' म्हणतो, अंग गार पडलं असं म्हणत नाही. तसंच हे.

पण फरक चिमूटभर वाटला तरी सामूची पट्टी फसवी असते. सामू ०.१ ने उतरला की हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढलेले असतात.

खरं सांगायचं तर सामूवर फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे. शिंपल्याचा खरा घास ज्याने जातो ती गोष्ट दुसरी आहे: पाण्यातलं कार्बोनेट. या पानावरची बरीचशी जागा मी त्यालाच देणार आहे.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की नेमकं काय होतं?

हे समजायला किराणा दुकानात चला. तिथे तीन सोडे मिळतात आणि समुद्रातला कार्बन नेमका याच तीन रूपांत असतो.

पहिला गोळी सोडा. बाटलीत दाबाने भरलेला कार्बन डायऑक्साइड. त्यातला थोडा पाण्याशी जुळून कार्बोनिक आम्ल होतो. थोडा म्हणजे किती? विरघळलेल्या शेकडो रेणूंमागे एखादाच. बाकीचे नुसते विरघळलेले वायूचे रेणू. तरी जिभेला चुरचुर लागते ती या आम्लामुळे.

दुसरा खाण्याचा सोडा, म्हणजे बायकार्बोनेट. कार्बोनिक आम्लाने एक हायड्रोजन आयन सोडला की हे उरतं. तिसरा धुण्याचा सोडा, म्हणजे कार्बोनेट. दुसराही हायड्रोजन गेला की हे.

```
CO2 + H2O   ⇌  H2CO3
H2CO3       ⇌  H+ + HCO3-
HCO3-       ⇌  H+ + CO3^2-
```

दुकानात तिघांच्या पुड्या वेगळ्या असतात. पाण्यात मात्र एकाचं दुसरं सतत होत असतं. समुद्राच्या सामूला बायकार्बोनेट सर्वात जास्त, दहात साडेआठ-नऊ भाग. कार्बोनेट साधारण एक भाग. आणि नुसता विरघळलेला वायू शंभरात एक भागही नाही.

कार्बन वाढतोय, तर कार्बोनेटही वाढायला हवं. ते कमी कसं होतं?

वर्गात हा प्रश्न कुणी विचारला की माझा दिवस चांगला जातो. कारण वरच्या तीन ओळी पाठ करणाऱ्याला तो सुचतच नाही.

वरची समीकरणं डावीकडून उजवीकडे वाचली तर वाटतं, वायू शिरला की पायरी पायरीने कार्बोनेटच वाढणार. पण पहिल्या दोन पायऱ्यांत जो हायड्रोजन आयन सुटतो, तो मोकळा हिंडत नाही. त्याला पहिलं गिऱ्हाईक भेटतं ते आधीपासून पाण्यात असलेलं कार्बोनेट. दोघं जुळले की त्याचंही बायकार्बोनेट होतं. म्हणजे तिसरी पायरी उलटी चालते. सगळ्यांची बेरीज अशी:

```
CO2 + H2O + CO3^2-  →  2 HCO3-
```

एक रेणू आत आला, त्याने एक कार्बोनेट संपवलं आणि खाण्याच्या सोड्याचे दोन नग झाले. सोप्या भाषेत, समुद्रातल्या धुण्याच्या सोड्याचा खाण्याचा सोडा होतो आहे. कार्बन एकूण वाढला, पण शिंपल्याला हवा त्या रूपातला घटला.

पण चुन्याच्या निवळीत फुंकर मारली तर ती दुधाळ होते. तिथे तर कार्बोनेट तयार होतं!

होतं. आणि सातवी-आठवीत आपण प्रयोग तिथेच थांबवतो, म्हणून अर्धीच गोष्ट डोक्यात राहते. फुंकत राहा. दुधाळ झालेलं पाणी पुन्हा नितळ होतं.

ताज्या निवळीचा सामू १२ च्या वर असतो. तिच्यात मोकळे हायड्रॉक्साइड आयन भरपूर. आलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनलेल्या कार्बोनिक आम्लाचे दोन्ही हायड्रोजन ते ओढून घेतात, त्यामुळे कार्बोनेट बनतं, कॅल्शियमशी जुळतं आणि पांढरा साका दिसतो. हायड्रॉक्साइड संपले की पुढच्या फुंकरीला हायड्रोजन टेकवायला एकच जागा उरते, मघाशी तयार झालेलं कार्बोनेट. ते बायकार्बोनेट होतं, साका विरघळतो, पेला स्वच्छ.

समुद्र या प्रयोगाच्या पहिल्या अर्ध्यात नाही, दुसऱ्या अर्ध्यात आहे. ८ सामूच्या पाण्यात हायड्रॉक्साइड नावापुरते असतात.

मी करून पाहिलं. दुधाळ झालं, पण नितळ काही होईना.

बहुतेक तुम्ही निवळी जशीच्या तशी वापरली. भरल्या निवळीत चुना इतका असतो की तो सगळा बायकार्बोनेट करून विरघळवायला श्वासातला चार-पाच टक्के कार्बन डायऑक्साइड पुरा पडत नाही. तुमचा दम संपेल, साका संपणार नाही. एक भाग निवळी आणि नऊ भाग आरओचं किंवा बॅटरीचं पाणी घ्या, मग चिकाटीने फुंका. बोअरचं पाणी घालू नका. त्यात बायकार्बोनेट आधीच असतं, निवळी पडताक्षणी फुंकर न मारताच ते गढूळ होतं आणि सगळा हिशेब बिघडतो.

नळी तोंडात असताना चुकूनही ओढू नका आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. चुना डोळ्यात गेला तर भाजतो.

नितळ झालेलं पाणी फेकण्याआधी उकळून पाहा. परत गढूळ होतं. उष्णतेने कार्बन डायऑक्साइड उडून गेला, समीकरण उलटं फिरलं, कार्बोनेट परत आलं. पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाला जो पांढरा क्षार बसतो तो हाच.

आकड्यांत सांगा. किती कार्बोनेट गेलं?

२५ अंश तापमानाचं, नेहमीच्या खारटपणाचं एक किलो समुद्राचं पाणी घेऊ. हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत २८० होता ती जुनी स्थिती आणि ४२० ही अलीकडची. सर्वमान्य स्थिरांक घालून मी हिशेब केला. एकक मायक्रोमोल आहे, पण तुम्ही नुसते 'नग' समजा.

विरघळलेला वायू ८ नग होता, तो १२ झाला. बायकार्बोनेट १६५५ वरून १७९५ झालं. आणि कार्बोनेट २६२ वरून २०६ वर आलं. पाचातला एक भाग गेला. याच हिशेबात सामू ८.१७ वरून ८.०३ वर येतो.

आता खतावणी लावून बघू. एकूण कार्बन १९२५ वरून २०१३, म्हणजे ८८ नग नवे आले. त्यांतल्या ५६ जणांनी ५६ कार्बोनेट गाठून ११२ बायकार्बोनेट केले. चार जण तसेच वायू म्हणून राहिले. उरलेल्या २८ जणांचे हायड्रोजन मुख्यतः समुद्रातल्या बोरेटने उचलले आणि २८ बायकार्बोनेट वाढले. ११२ आणि २८, झाले १४०. १६५५ मध्ये १४० मिळवा, १७९५. जमलं.

याच खतावणीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. हवेतला वायू दीडपट झाला, पण पाण्यातला एकूण कार्बन जेमतेम साडेचार टक्क्यांनी वाढला. वायू पचवण्याचं मुख्य काम कार्बोनेट करतं आणि तेच खर्च होतं आहे. त्यामुळे पुढचा प्रत्येक घास समुद्राला जास्त जड जाणार.

प्रत्यक्ष मोजणीतही असंच दिसतं का? हवाई बेटांजवळच्या 'अलोहा' नावाच्या ठिकाणी १९८८ पासून पाणी तपासलं जातं. तिथे सामू वर्षाला साधारण ०.००२ ने उतरताना दिसतो.

शिंपल्याला याने काय होतं? कवच विरघळतं का?

कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यातल्या कॅल्शियमचा समुद्रात तोटा नाही, किलोमागे दहा हजारांहून जास्त नग. तंगी असते ती कार्बोनेटची. वीट गाडीभर आणि सिमेंट पोतंभर असेल तर बांधकाम सिमेंट संपेल तिथे थांबणार.

तंगी मोजायला संपृक्ततेचा आकडा वापरतात: पाण्यातलं कॅल्शियम गुणिले कार्बोनेट, भागिले ते खनिज विरघळू लागायची सीमा. आकडा १ च्या खाली गेला तर उघडं कवच विरघळू लागतं. पोवळी आणि शिंपल्यांची पिल्लं ॲरॅगोनाइट नावाचं खनिज वापरतात. वरच्या हिशेबातल्या पाण्यात त्याचा आकडा ४.१ होता, तो ३.३ झाला.

अजून १ पासून लांब आहे, मग चिंता कशाची? चिंता अशी की जिवाला कवच बांधायला १ पुरत नाही. तो आपल्या शरीरातल्या एका बंद कप्प्यात हायड्रोजन आयन बाहेर ढकलून सामू चढवतो आणि तिथे खनिज बसवतो. बाहेर कार्बोनेट कमी असेल तर हा उपसा वाढतो. विहिरीचं पाणी खोल गेलं की पंपाचं बिल वाढतं तसं. मोठा शिंपला हे बिल भरतो. पिल्लाकडे अंड्यातल्या शिदोरीशिवाय काही नसतं.

प्रत्यक्षात कुणाचं नुकसान झाल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते नीट तपासलं गेलेलं आहे. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर नेटार्ट्स उपसागरात व्हिस्की क्रीक नावाचं कालवांची पिल्लं तयार करणारं केंद्र आहे. २००७-०८ च्या सुमारास तिथे पिल्लं टाक्याच्या टाक्या मरू लागली. आधी संशय जंतूंवर गेला. पाणी गाळून, निर्जंतुक करूनही मरणं थांबेना.

मग वाऱ्याचा आणि मरण्याचा मेळ लागला. उन्हाळ्यात उत्तरेकडून वारा वाहिला की तिथे किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. खोल पाण्यात मेलेल्या जिवांचा गाळ कुजत असतो, म्हणून त्यात कार्बन डायऑक्साइड मुळातच जास्त. त्यावर माणसाने घातलेली भर. ते पाणी टाक्यांत आलं की संपृक्तता घसरायची. अंड्यातून बाहेर पडून पहिल्या दोन दिवसांत पिल्लू आपलं पहिलं कवच झपाट्याने बांधतं. त्या दोन दिवसांत हे पाणी मिळालं तर पुढे पाणी सुधारूनही उपयोग होत नसे. मरण आठवड्याने दिसायचं, कारण मात्र पहिल्या दिवशीच घडून गेलेलं असायचं.

उपाय वाचून किराणावाला हसेल. टाकीच्या पाण्यात सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, मोजून सोडायला लागले. गेलेलं कार्बोनेट बाहेरून आणून घातलं. सोबत येणाऱ्या पाण्याची सतत मोजणी सुरू केली आणि दिवसातली चांगली वेळ पाहून पाणी भरायला सुरुवात केली. उत्पादन पुन्हा सावरलं. अर्थात, हे टाकीत जमतं. उपसागरात नाही.

अरबी समुद्रात असं होतं का?

खालचं पाणी वर येण्याचा प्रकार आपल्याकडेही आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याला ते होतं, तेव्हा वर येणाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. अरबी समुद्राच्या मधल्या खोलीत प्राणवायू अत्यंत कमी असलेला मोठा थर आहे. जिथे प्राणवायू कुजण्यात संपला, तिथे कार्बन डायऑक्साइड साठलेला असणार, हे ओघाने आलं. मालवणची पोवळी आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं आंग्रिया बँक ही महाराष्ट्रासमोरची पोवळ्यांची ठिकाणं. पोवळ्यांना आज जास्त तातडीचा फटका पाण्याच्या उष्णतेचा बसतो आहे. कार्बोनेटची तूट हा त्यामागून येणारा, सावकाश वाढणारा भार आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

आम्ही ड्रिपला ॲसिड सोडतो, तसंच ना हे?

निम्मं तसंच आहे. बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट ड्रिपरच्या तोंडाशी येतं, तिथे वायू उडतो, पाणी तापतं, आणि चुना बसून छिद्र बुजतं. ॲसिडने तो चुना विरघळतो. शिंपल्याचं कवच त्याच पदार्थाचं आहे.

पण तुमचं ॲसिड पाण्यातली आम्ल पचवण्याची ताकदच खाऊन टाकतं. तिला क्षारीयता म्हणतात. कार्बन डायऑक्साइड ती ताकद कमी करत नाही, फक्त कार्बोनेटचं बायकार्बोनेट करून तिची वाटणी बदलतो. वर मी केलेल्या हिशेबात क्षारीयता दोन्ही वेळा सारखीच धरली होती, २३०० नग. म्हणूनच वायू काढून घेतला तर पाणी पूर्ववत होतं. ॲसिड टाकलेलं पाणी नुसतं ढवळून पूर्ववत होत नाही.

मग समुद्रात चुनाच टाकला तर?

रसायनशास्त्र म्हणतं, चालेल. विरघळलेला चुना क्षारीयता वाढवतो, कार्बोनेट परत येतं आणि समुद्र हवेतून आणखी वायू ओढतो. यावर जगात प्रयोग सुरू आहेत. अडचण भट्टीत आहे. चुनखडी भाजली की तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून बाहेर पडतो, वर कोळसा जळतो तो वेगळाच. तो धूर पकडून ठेवला तरच हिशेब नफ्यात. शिवाय चुना एकाच जागी जास्त पडला तर निवळीत झालं तेच होईल: पांढरा साका, आणि घातलेली क्षारीयता वाया.

हे काम निसर्ग फुकट करतो, आणि तेही आपल्या अंगणात. खानदेशचा काळा बेसाल्ट खडक पावसातल्या कार्बोनिक आम्लाने झिजतो, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडतो आणि वायूचं बायकार्बोनेट करतो. त्यातलं थोडं जमिनीतच चुनखडी होऊन बसतं. चुनखडीच्या रानात केळीचं पान पिवळं पडतं ते पाहिलेल्यांना ही चुनखडी ठाऊक आहे. बाकीचं तापी समुद्राला नेऊन देते. दख्खनचा बेसाल्ट या कामात जगातल्या इतर बऱ्याच खडकांपेक्षा चपळ आहे. पण खडकाची चपळाई हजारो वर्षांची असते, आणि आपण २८० चे ४२० पावणेतीनशे वर्षांच्या आत केले.

सहलीला मुंबईला जातोय. लिटमस नेऊन तपासू का?

न्या, पण त्यावर आम्लीकरण दिसणार नाही. लिटमस निळा राहील इतकंच कळेल. रंगपट्टीच्या कागदावर अर्ध्या अंकाचा फरकही भांडून ठरवावा लागतो आणि इथे शोधायचा आहे वर्षाचा ०.००२. बागेतला पेनसारखा सामूमापकही खाऱ्या पाण्यात गडबडतो, कारण तो गोड्या पाण्याच्या बफरवर लावलेला असतो. समुद्रशास्त्रज्ञ पाण्यात मेटाक्रेसॉल पर्पल नावाचा रंग घालून दोन वेगळ्या तरंगलांबींवर प्रकाश किती शोषला जातो ते मोजतात. तेही पाणी हवाबंद बाटलीत, वर पोकळी जवळजवळ न ठेवता आणि पाऱ्याचं संयुग घालून जंतू मारून. नाहीतर बाटलीतले जीव श्वास घेत राहतात आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यांनीच सामू उतरवलेला असतो.

सहलीत एक मात्र करता येईल. वाळूत पडलेली रिकामी शिंपली आणा आणि घरी तिच्यावर लिंबू पिळा. बुडबुडे येतात तो शिंपल्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड.